पैचा अपूर्णांक : आवर्ती दशांश आणि भूमिती श्रेढी
(शिरूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपले सारे आयुष्य गणित शिकविण्यात घालविले. तेव्हा त्यांच्या नावे बोलताना गणिताविषयी केवळ गौरवाचे चार शब्द बोलून खाली बसणे हे त्यांना खचितच रुचले नसते. म्हणून आज मी आपल्यापुढे एक लहानसा, परंतु शेवटपर्यंत सोडविता येण्याजोगा विषय घेऊन उभा आहे. ज्या दशांश अपूर्णांकात एखादा अंक किंवा अंकांचा एखादा गट पुनःपुन्हा, अंत न लागता, येत राहतो, त्या आवर्ती दशांशाचे साध्या व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर कसे करावे, आणि ते करताना ज्या युक्तीचा आपण शाळेत पाठांतराने उपयोग केला तिच्या मुळाशी भूमिती श्रेढी कशी उभी आहे, हा तो विषय होय.

उदाहरणासाठी मला पुस्तकात शोध घ्यावा लागला नाही. १ एप्रिल १९५७ या दिवशी आपल्या देशात दशमान नाणेपद्धती अमलात आली, आणि तोवर सोळा आण्यांचा असलेला रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. नाणे बदलले तरी खतावण्या, रोजकीर्दी, पतपेढ्यांची देणी आणि सावकारांची येणी ही काही एका रात्रीत बदलत नाहीत. त्यामुळे घोडनदीच्या बाजारपेठेत दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या मुनिमापुढे आणि दौंडच्या जंक्शनावर खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनापुढे एकच प्रश्न आला असला पाहिजे, आणि तो हा की, आण्या-पैमध्ये लिहिलेली रक्कम नव्या पैशांत किती होते? रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, म्हणजे रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. त्याच रुपयाचे नवे पैसे शंभर. म्हणून एका पैचे नवे पैसे १००/१९२, म्हणजे संक्षेप केल्यावर २५/४८ होतात.

आता या २५/४८ चे दशांशरूप काढण्यासाठी आपण भागाकार मांडू, आणि भागापेक्षा बाकीकडे अधिक लक्ष देऊ, कारण सारे रहस्य बाकीत आहे. पंचवीसला अठ्ठेचाळीसने भाग जात नाही, म्हणून शून्य घेऊन अडीचशे करू. भाग पाच, बाकी दहा. दहाचे शंभर; भाग दोन, बाकी चार. चाराचे चाळीस, भाग शून्य, बाकी चाळीस. चाळीसाचे चारशे, भाग आठ, बाकी सोळा. सोळाचे एकशे साठ; भाग तीन, आणि बाकी पुन्हा सोळा. इथे थांबावे. एकदा आलेली बाकी पुन्हा आली, म्हणजे यापुढचा सगळा भागाकार आधीच होऊन गेला. सोळाचे पुन्हा एकशे साठ होणार, भाग पुन्हा तीन येणार, बाकी पुन्हा सोळा उरणार, आणि हे कधीही संपणार नाही. म्हणून एक पै म्हणजे ०.५२०८३३३… नवे पैसे.

या भागाकारातून दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली अशी की, कोणत्याही व्यवहारी अपूर्णांकाचे दशांशरूप एक तर कोठे तरी संपते किंवा आवर्ती होते, तिसरा मार्ग त्याला नाही. कारण अठ्ठेचाळीसने भागताना बाकी शून्यापासून सत्तेचाळीसपर्यंतच असू शकते, आणि शून्य बाकी कधीच आली नाही तर सत्तेचाळीस पायऱ्यांच्या आत कोणती तरी बाकी दुसऱ्यांदा येणे भाग आहे. दुसरी अशी की, ५, २, ० आणि ८ हे चार अंक एकदाच आले आणि मग आवर्तन सुरू झाले. ज्या दशांशात दशांशचिन्हानंतर लगेच आवर्तन सुरू होते त्याला शुद्ध आवर्ती, आणि ज्यात आधी काही न आवर्तणारे अंक येऊन मग आवर्तन सुरू होते त्याला मिश्र आवर्ती म्हणावे. आपली पै मिश्र आवर्ती आहे. ती तशी का, याचा उलगडा पुढे होईल.

आता प्रश्न उलटा करू. समजा, आपल्याला २५/४८ ठाऊकच नाही. समोर केवळ ०.५२०८३३३… हा मजकूर आहे आणि त्यातील तीन अखंड चालू आहेत एवढी हमी आहे. मूळ अपूर्णांक कसा काढावा?

स्थानांची किंमत मांडून पाहिली की, या संख्येचे दोन भाग सरळ वेगळे होतात. पहिला भाग ५२०८/१००००, जो संपलेला आहे. दुसरा भाग असा :

३/१००००० + ३/१०००००० + ३/१००००००० + …

यातील प्रत्येक पद मागच्या पदाच्या एक दशमांश आहे. ज्या रांगेत प्रत्येक पद मागच्या पदाला एकाच ठरावीक संख्येने गुणून मिळते तिला भूमिती श्रेढी म्हणतात, आणि त्या ठरावीक संख्येला गुणोत्तर. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचिलेल्या लीलावतीत श्रेढीव्यवहार हे प्रकरण आहे व त्यात गुणोत्तराने वाढत जाणाऱ्या श्रेढीची बेरीज आहे. परंतु ती मोजक्या पदांची बेरीज. आपल्या श्रेढीची पदे तर संपतच नाहीत. जे संपत नाही त्याची बेरीज करणार कशी, आणि केली तरी ती खरी कशावरून, ही शंका मनात येणे स्वाभाविक आहे आणि तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाणे हे गणिताला शोभणारे नव्हे.

या शंकेला एक फार सुंदर उत्तर केरळातील नीलकंठ सोमयाजी यांनी दिलेले आहे. त्यांचा जन्म १४४४ चा. आर्यभटीयावरील आपल्या भाष्यात, चाप आणि ज्या यांच्या संबंधाचे विवेचन करताना, एकचतुर्थांश, त्याचा चतुर्थांश, त्याचाही चतुर्थांश अशी न संपणारी श्रेढी त्यांच्यापुढे आली. तिची बेरीज एकतृतीयांश होते हे तर दिसत होते. परंतु ती तेवढीच का वाढते, त्याहून पुढे का जात नाही, आणि तेवढ्यापर्यंत तरी ती खरोखर पोहोचते कशावरून, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला. त्यांच्या युक्तिवादाचा सारांश असा की, एकतृतीयांशातून एकचतुर्थांश काढला तर एकद्वादशांश उरतो, म्हणजे काढलेल्या पदाचा बरोबर तिसरा हिस्सा. त्या उरलेल्यातून एकषोडशांश काढला तर पुन्हा त्या पदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे एकअठ्ठेचाळीसांश, उरतो. आणि असे कितीही पुढे गेले तरी शिल्लक नेहमी शेवटच्या पदाचा तिसरा हिस्सा एवढीच राहते. शिल्लक कधी ऋण होत नाही, म्हणून बेरीज एकतृतीयांशाच्या पलीकडे जाऊ शकत नाही. आणि शिल्लक वाटेल तितकी लहान करता येते, म्हणून बेरीज त्याच्या अलीकडे कोठे थांबलीही म्हणता येत नाही.

हाच युक्तिवाद दशांशाला जसाच्या तसा लागू पडतो. एकनवमांशातून एकदशांश काढला तर काय उरते? एकनव्वदांश, म्हणजे काढलेल्या पदाचा नववा हिस्सा. त्यातून एकशतांश काढला तर उरतो एकनऊशेंश, पुन्हा त्या पदाचा नववा हिस्सा. म्हणून

१/९ = १/१० + १/१०० + १/१००० + …

या विधानात गूढ काही नाही. ०.१११… या लेखनाचा अर्थच असा की, ही बेरीज ज्या एकाच संख्येच्या वाटेल तितकी जवळ जाते आणि जिच्या पलीकडे जात नाही, ती संख्या; आणि ती संख्या एकनवमांश आहे. गट दोन अंकांचा असेल तर एकनव्व्याण्णवांशातून एकशतांश काढावा, शिल्लक काढलेल्या पदाचा नव्व्याण्णवावा हिस्सा राहील. गट तीन अंकांचा असेल तर नऊशे नव्व्याण्णव घ्यावे. आवर्ती दशांशाच्या छेदात नऊ, नव्व्याण्णव, नऊशे नव्व्याण्णव का येतात, याचे हे कारण होय. आपण शाळेत जे सूत्र शिकलो, की पहिले पद अ आणि गुणोत्तर ग असेल तर अनंत पदांची बेरीज अ/(१ − ग) होते, ते या विचाराचेच सर्वसाधारण रूप आहे. त्याला एक अट मात्र आहे : गुणोत्तर एकापेक्षा लहान असले पाहिजे, नाही तर शिल्लक लहान होत जाण्याऐवजी वाढतच जाईल. एक अधिक दहा अधिक शंभर अधिक हजार या श्रेढीला कोणी आंधळेपणाने हेच सूत्र लावले, तर उत्तर उणे एकनवमांश येते, आणि धन संख्यांची बेरीज ऋण आलेली पाहून सूत्र कोठे लावू नये हे त्याला कळते. दशांशाच्या बाबतीत ही भीती नाही, कारण तेथे गुणोत्तर एकदशांश, एकशतांश, एकसहस्रांश यांसारखेच काही तरी असते.

आता आपली पै सोडवू. शेपटीच्या श्रेढीचे पहिले पद ३/१००००० आहे आणि गुणोत्तर १/१०. एकातून एकदशांश वजा केल्यावर नऊदशांश राहतात. त्यांनी पहिल्या पदाला भागले की ३/९००००, म्हणजे १/३००००. ही साऱ्या अनंत शेपटीची किंमत. तिच्यात संपलेला भाग मिळवू :

५२०८/१०००० + १/३०००० = १५६२४/३०००० + १/३०००० = १५६२५/३००००

या शेवटच्या पायरीवर अंश एकाने वाढून १५६२५ झाला, आणि १५६२५ म्हणजे पंचविसाचा घन. अंश आणि छेद दोहोंना सहाशे पंचवीसने भागले की अंश पंचवीस, छेद अठ्ठेचाळीस. ज्या अपूर्णांकापासून आपण निघालो होतो तोच हा. न संपणाऱ्या तीनांच्या रांगेतून एक कणही न हरवता तो परत मिळाला.

ज्यांना शाळेतील नियम आठवत असेल ते म्हणतील की, आम्हांला याहून थोडक्यात शिकविले होते : आवर्तन एकदा घेऊन होणारी सारी संख्या लिहावी, तिच्यातून न आवर्तणारी संख्या वजा करावी, आणि छेदात आवर्ती अंक जितके तितके नऊ व न आवर्तणारे अंक जितके तितकी शून्ये लिहावीत. त्या नियमाने ५२०८३ मधून ५२०८ वजा करून ४६८७५, छेद ९००००, आणि ४६८७५/९०००० चा संक्षेप केला की पुन्हा २५/४८. नियम बरोबर आहे. परंतु वजाबाकी आली कोठून? ती श्रेढीतूनच आली. संपलेला भाग नव्वद हजार छेदावर आणायचा तर ५२०८ ला नऊने गुणले पाहिजे. नऊने गुणणे म्हणजे दहाने गुणून एकदा वजा करणे, म्हणजे ५२०८० उणे ५२०८. त्यात शेपटीचे तीन मिळविले की ५२०८३ उणे ५२०८. ज्याला हे एकदा उमगले त्याला नियम विसरण्याची धास्ती उरत नाही, कारण विसरला तरी तो पुन्हा तयार करता येतो.

गट एकाहून अधिक अंकांचा असेल तेव्हाही रीत हीच. भीमेच्या या तीरावर शिरूर तालुक्यात आणि पलीकडे दौंड तालुक्यात, जिथे एकेका सातबाऱ्यावर वारसांची नावे ओळीने लागलेली असतात, तिथे अशी स्थिती कल्पिणे कठीण नाही की, एका गटाच्या निम्म्या हिश्श्यात अकरा वारस आहेत आणि त्यांपैकी सात जणांनी एकाच भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले. मिळालेला हिस्सा निम्म्याचे सात अकरांश, म्हणजे ७/२२. आणि गणकयंत्रावर तो ०.३१८१८१८… असा दिसतो. उलट जाताना संपलेला भाग ३/१० घ्यावा. शेपटी १८/१००० पासून सुरू होते आणि प्रत्येक पद मागच्याच्या एकशतांश आहे. म्हणून तिची बेरीज १८/१००० भागिले ९९/१००, म्हणजे १८/९९०, म्हणजे १/५५. तीनदशांश आणि एकपंचावन्नांश मिळून ३५/११०, म्हणजे ७/२२. येथे चूक कोठे होते ती पाहण्यासारखी आहे. एक तर शेपटीचे पहिले पद १८/१०० धरले जाते, जणू अठरा हे दशांशचिन्हाला लागूनच आहेत. मग बेरीज ३/१० अधिक १८/९९ होऊन उत्तर अर्ध्याच्या जवळ जाते, आणि मूळ संख्या एकतृतीयांशाहूनही लहान आहे हे एका दृष्टिक्षेपात दिसत असल्याने चूक लगेच पकडता येते. दुसरी चूक अधिक लबाड असते : तीन हाही गटात धरून ३१८/९९९ लिहिले जाते. त्याची किंमत ०.३१८३१८… येते, पहिले तीन अंक जुळतात, आणि डोळ्याला सारे ठीक वाटते. म्हणून उत्तराची परीक्षा पहिल्या तीन-चार अंकांवर करू नये; निदान दोन आवर्तने पुरी होईपर्यंत भागाकार पुढे न्यावा.

आता मागे राखून ठेवलेला प्रश्न घेऊ. पै मिश्र आवर्ती का झाली? छेद अठ्ठेचाळीस म्हणजे सोळा गुणिले तीन. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. म्हणून ज्या छेदात केवळ दोन आणि पाच हेच अवयव आहेत त्याचे दशांशरूप संपते, आणि त्याखेरीज दुसरा कोणताही मूळ अवयव, तीन, सात, अकरा, काहीही, संक्षेपानंतर छेदात राहिला की ते आवर्ती होते. अठ्ठेचाळिसातील तीन आवर्तन आणतो. सोळा, म्हणजे दोनाचा चौथा घात, आवर्तनाच्या आधी चार अंक वेगळे पाडतो. संक्षेप केलेल्या छेदात दोन किंवा पाच यांपैकी ज्याचा घात मोठा, तितके न आवर्तणारे अंक; छेदात दोन-पाच मुळीच नसतील तर आवर्ती रूप शुद्ध. बाविसात दोन एकदाच आहे, म्हणून एकच अंक मोकळा होता.

या एका नियमातून आपल्या जुन्या मापनव्यवहाराची एक गोष्ट स्पष्ट होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी या ज्या उजळण्या आपल्या पूर्वजांनी तोंडपाठ केल्या, त्यांच्यातील सारे अपूर्णांक चार आणि दोन या छेदांचे आहेत. आणाही रुपयाचा सोळावा हिस्सा, म्हणून एक आणा म्हणजे बरोबर ६.२५ नवे पैसे, दशांश संपलेला. आवर्तन आणले ते एकट्या पैने, कारण आण्याच्या पै बारा, आणि बारामध्ये तीन आहे. परंतु त्याच तीनामुळे जुन्या रुपयाला एक सोय होती, जी नव्याला नाही. रुपयाचे तीन समान हिस्से करा : प्रत्येकी पाच आणे चार पै, तिन्ही मिळून पुरे सोळा आणे, शिल्लक शून्य. सहा हिस्से करा : प्रत्येकी दोन आणे आठ पै, पुन्हा शिल्लक शून्य. उलट पाच हिस्से करू गेलात तर जुन्या रुपयाचे अडते, आणि नव्या रुपयाचे वीस-वीस पैसे नीट पडतात. नऊ हिस्से मात्र दोघांनाही जमत नाहीत. जुन्या रुपयाचे एकवीस पै आणि वर एकतृतीयांश पै होतात. तेव्हा आवर्तन हा संख्येचा दोष नव्हे. एकतृतीयांश हा जितका नेमका अपूर्णांक आहे तितकाच अर्धा हाही आहे. कोणत्या एककांत आपण त्याला लिहू पाहतो त्यावर तो संपेल की फिरत राहील हे ठरते.

ज्या ठिकाणी हा फेर चालू राहतो, तिथे तो मध्येच तोडला तर काय घडते हेही पाहू. तीन भावांत एक हेक्टर जमीन वाटली आणि क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे लिहिले, तर प्रत्येकाच्या नावे तेहतीस आर तेहतीस चौरस मीटर लागतात. तिघांची बेरीज नव्व्याण्णव आर नव्व्याण्णव चौरस मीटर, आणि एक चौरस मीटर कोणाच्याच नावावर नाही. हा एक चौरस मीटर तोडलेल्या शेपटीचा आहे. ०.३३३… अखंड ठेवले असते तर तिघांचे मिळून ०.९९९… झाले असते, आणि या श्रेढीची बेरीज, पहिले पद नऊदशांश व गुणोत्तर एकदशांश धरून, बरोबर एक येते. ०.९९९… हे एकापेक्षा किंचित कमी असले पाहिजे असा पुष्कळांचा ग्रह असतो. परंतु किती कमी, असे विचारले तर कोणतीही संख्या सांगता येत नाही, कारण सांगाल त्याहून लहान शिल्लक पुढच्या एखाद्या स्थानावर निघतेच. कमी आहे ते मध्येच थांबविलेले ०.९९९९, न थांबणारे ०.९९९… हे एकच.

पैच्या बाबतीतही हाच प्रयोग करून पाहावा. एका पैची किंमत किती अंकांपर्यंत घेतली म्हणजे एकशे ब्याण्णव पैचा रुपया पुरा होतो? ०.५२ घेतली तर ९९.८४ नवे पैसे होतात. ०.५२०८ घेतली तर ९९.९९३६. पुढे एक तीन घेतला तर ९९.९९९३६, आणखी एक तीन घेतला तर ९९.९९९९३६. आवर्तन सुरू झाल्यापासून प्रत्येक नवा तीन रुपयातील तूट एकदशांशावर आणतो, ०.००६४, ०.०००६४, ०.००००६४ ही तूटही भूमिती श्रेढीतच चालते, आणि नीलकंठांच्या युक्तिवादातील शिल्लक ती हीच. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रूपांतराच्या कोष्टकांना अशा अनंत शेपट्या परवडण्यासारख्या नव्हत्या. हाती देण्याचे नाणे पूर्ण नव्या पैशाचे असल्यामुळे तीन आण्यांचे १८.७५ हे १९ केले गेले आणि दोन आण्यांचे १२.५ हे १२ धरले गेले. म्हणून दोन आण्यांची रक्कम चार वेळा वेगवेगळी दिली तर अठ्ठेचाळीस नवे पैसे, आणि तीच आठ आणे म्हणून एकदम दिली तर पन्नास, असा फरक पडे. दोन आणे तर संपणारा दशांश. तिथेही तोडण्यामुळे तूट पडली. यावरून दिसते की तूट आवर्तनामुळे पडत नाही, तोडण्यामुळे पडते.

शुद्ध आवर्तनाचे एक उदाहरण देऊन मी या रीतीची मर्यादा सांगतो. लीलावतीत वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले दोन गुणक दिले आहेत : सूक्ष्म ३९२७/१२५० आणि स्थूल २२/७. छेद १२५० मध्ये दोन आणि पाच यांखेरीज काही नाही, म्हणून पहिला बरोबर ३.१४१६ वर संपतो, दुसरा ३.१४२८५७१४२८५७… असा फिरत राहतो. ज्याचे अंक अनंत तो अधिक सूक्ष्म, असे समजणाऱ्याला येथे धडा आहे, कारण येथे संपणारा सूक्ष्म आहे आणि न संपणारा स्थूल. १४२८५७ या गटाचे पहिले पद दशलक्षांशाचे आणि गुणोत्तरही एकदशलक्षांश. म्हणून बेरीज १४२८५७/९९९९९९, आणि १४२८५७ ची सातपट ९९९९९९ होत असल्याने ती १/७. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून हयात घालविलेले द. रा. कापरेकर यांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात त्यांत १४२८५७ ही आहे : तिचा वर्ग २०४०८१२२४४९, आणि त्या वर्गाचे २०४०८ व १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळविले की पुन्हा १४२८५७.

परंतु व्यास आणि परिघ यांचे खरे गुणोत्तर २२/७ ही नव्हे आणि ३९२७/१२५० ही नव्हे. त्याच्या दशांशात आवर्तन नाही, दोनाच्या वर्गमुळाच्या दशांशातही नाही, आणि जिथे आवर्तन नाही तिथे स्थिर गुणोत्तराची श्रेढी नाही. म्हणून आपली रीत तिथे चालत नाही. ही रीत ज्याला लागू पडते तो अपूर्णांकच असतो, आणि प्रत्येक अपूर्णांकाला ती लागू पडते. तिचा अधिकार एवढाच आणि एवढा पुरा आहे. मग आवर्तन आहे किंवा नाही हे ओळखावे कसे? यंत्राच्या पडद्यावर पाहून नव्हे. १/१७ चा गट सोळा अंकांचा आहे, ०५८८२३५२९४११७६४७. आठ किंवा दहा अंक दाखविणाऱ्या यंत्रावर त्याचे पहिले आवर्तनही पुरे होत नाही, आणि पाहणाऱ्याला अंक स्वैर आहेत असे वाटते. उलट, शेवटी दोन-तीन अंक सारखे दिसले म्हणजे ते पुढेही सारखेच राहतील, याची हमी पडदा देत नाही. आवर्तनाचा पुरावा भागाकारातील बाकी देते, नाही तर छेदाचे अवयव देतात. अंकांची रांग केवळ संशय उत्पन्न करते.

म्हणून श्रोत्यांतील विद्यार्थ्यांना मी सुचवीन की, भागाकाराला हात घालण्यापूर्वी छेद वाचण्याची सवय लावावी. उदाहरणादाखल, ज्या उताऱ्यासाठी आपण सारे तलाठ्याकडे खेपा घालीत असू त्या सातबाराचे नाव नमुना सात आणि नमुना बारा यांवरून पडले आहे, अपूर्णांकाशी त्याचा काही संबंध नाही. परंतु गंमत म्हणून ७/१२ हा अपूर्णांक समजावा. बारा म्हणजे चार गुणिले तीन. चारात दोनाचा दुसरा घात आहे, म्हणून दोन अंक मोकळे. तीन आहे, म्हणून त्यापुढे एका अंकाचे आवर्तन. भागाकार न करता एवढे सांगता आले, की मग भागाकार करावा : ०.५८३३३… आणि परत येताना ५८/१०० मध्ये शेपटीची बेरीज ३/९००, म्हणजे १/३००, मिळवावी. १७४/३०० अधिक १/३०० म्हणजे १७५/३००, आणि पंचविसाने संक्षेप केला की सात बारांश. घरी गेल्यावर असेच पाच अष्टादशांश घ्यावे, आधी छेदावरून मोकळे अंक व आवर्ती अंक किती ते लिहून ठेवावे, आणि मगच भागाकाराने त्याचा पडताळा पाहावा.